फोटोतल्या पुलात ताण कुठे, दाब कुठे?

त्रिकोणांत बांधलेल्या लोखंडी सांगाड्याला ट्रस म्हणतात. रेल्वे स्थानकावरचा पादचारी पूल, नदीवरचा जुना रेल्वे पूल, कारखान्याच्या पत्र्याखालची कैची ही त्याचीच रूपे. ट्रसमधला प्रत्येक दांडा दोनपैकी एकच काम करतो. तो दोन्ही टोकांनी ओढला जातो किंवा दोन्ही टोकांनी दाबला जातो. पहिल्याला ताण म्हणतात, दुसऱ्याला दाब. कोणत्या दांड्यात काय आहे आणि किती आहे, हे पुलाच्या एका चांगल्या फोटोवरून कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. त्यासाठी वापरतात ती सांध्यांची पद्धत.

तिच्यामागची कल्पना साधी आहे. पूल स्थिर उभा आहे, म्हणजे त्याचा प्रत्येक सांधाही स्थिर आहे. सांध्याला वर ढकलणारी सगळी बले मिळून खाली ओढणाऱ्या बलांएवढीच असली पाहिजेत, आणि डावीकडची बले उजवीकडच्या बलांएवढी. एका सांध्यावर एवढे दोनच हिशेब मांडता येतात, म्हणून एका वेळी दोनच अनोळखी बले सुटतात. त्यामुळे जिथे दोनपेक्षा जास्त अनोळखी दांडे नाहीत अशा सांध्यापासून सुरुवात करायची आणि तिथून पुढच्या सांध्यावर जायचे.

उदाहरणादाखल छप्पर नसलेल्या एका पादचारी पुलाचा समोरून काढलेला फोटो घेऊ. पुलाच्या दोन्ही बाजूंना एकसारखे ट्रस आहेत. फोटोत दिसणाऱ्या ट्रसमध्ये खाली चार सारखे गाळे आहेत. खालच्या सांध्यांना डावीकडून क, ख, ग, घ, च अशी नावे देऊ. क आणि च हे सांधे खांबांवर टेकलेले आहेत. ख, ग आणि घ यांच्या बरोबर वर अनुक्रमे प, फ आणि ब हे सांधे आहेत. क–प आणि च–ब हे तिरपे दांडे दोन्ही टोकांना आहेत. प–ग आणि ब–ग हे आतले तिरपे दांडे मधल्या ग सांध्याकडे उतरतात. ही मांडणी प्रॅट ट्रसची आहे. अमेरिकेत १८४४ साली टॉमस आणि केलेब प्रॅट या पितापुत्रांनी तिचे पेटंट घेतले.

आता पट्टीने फोटो मोजायचा. समजा, एक गाळा ३० मिलिमीटर भरला, उभा दांडा ४० आणि तिरपा दांडा ५०. दांड्यांतली बले काढायला पुलाची खरी लांबी लागत नाही, लागते ते फक्त हे ३ : ४ : ५ असे गुणोत्तर. म्हणूनच फोटो लहान असो की मोठा, उत्तर बदलत नाही. खरी मापे लागतात ती भार ठरवताना. इथे गाळा ३ मीटरचा आणि पुलाची रुंदी ३.२ मीटर धरू.

भार फोटोत दिसत नाही, तो ठरवावा लागतो. दाटीवाटीने उभ्या असलेल्या गर्दीसाठी दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो, हा आकडा हिशेबात धरतात. एका ट्रसच्या वाट्याला निम्मी रुंदी, म्हणजे १.६ मीटर येते. मधल्या प्रत्येक सांध्यावर एका गाळ्याएवढ्या लांबीची गर्दी, म्हणून १.६ × ३ × ५ = २४ किलोन्यूटन. ख, ग आणि घ या तिघांवर प्रत्येकी २४. टोकांच्या सांध्यांवर येणारा अर्ध्या गाळ्याचा भार थेट खांबात उतरतो, तो ट्रसच्या दांड्यांत येत नाही. पुलाचे स्वतःचे वजन हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवले आहे. एकूण भार ७२ झाला आणि मांडणी दोन्हीकडे सारखी आहे, म्हणून प्रत्येक खांब ट्रसला ३६ किलोन्यूटनने वर उचलून धरतो.

पहिला सांधा क. खांब त्याला ३६ ने वर ढकलतो. आडवा दांडा क–ख त्याला वर-खाली काहीच करू शकत नाही. म्हणून खाली ढकलण्याचे सगळे काम तिरप्या क–प दांड्याने केले पाहिजे. त्याचा उभा हिस्सा ३६ हवा. उभी बाजू ४ आणि तिरपी ५, म्हणून दांड्यातले बल ३६ × ५ ÷ ४ = ४५ किलोन्यूटन. हा दांडा सांध्याला ढकलतो आहे, म्हणजे तो दाबात आहे. ढकलताना तो क सांध्याला डावीकडे ४५ × ३ ÷ ५ = २७ ने रेटतो. ते थोपवायला क–ख दांड्याने सांध्याला उजवीकडे २७ ने ओढले पाहिजे. ओढणारा दांडा ताणात असतो, म्हणून क–ख मध्ये २७ ताण.

फोटोवर हे लिहिण्याची एक सोपी खूण आहे. दांड्याजवळ सांध्यापासून दूर जाणारा बाण काढला की ताण, सांध्यात घुसणारा बाण काढला की दाब. गणित करताना सुरुवातीला प्रत्येक अनोळखी दांडा ताणात आहे असे गृहीत धरावे. उत्तर उणे आले, तर तो दांडा दाबात आहे. आधीच्या सांध्यावर उणे आलेले बल पुढच्या सांध्यावर नेताना ते उणे चिन्ह विसरायचे नाही. नवशिक्याचे गणित बहुतेक वेळा इथेच चुकते.

दुसरा सांधा ख. त्यावर २४ चा भार खाली ओढतो आणि त्याला वर धरणारा एकच दांडा आहे, उभा ख–प. म्हणून ख–प मध्ये २४ ताण. आडव्या दिशेने क–ख डावीकडे २७ ने ओढतो, म्हणून ख–ग उजवीकडे २७ ने ओढतो.

तिसरा सांधा प. इथे क–प सांध्याला वर ३६ ने आणि उजवीकडे २७ ने ढकलतो. ख–प त्याला खाली २४ ने ओढतो. वर जाणारे १२ उरतात. ते थोपवायला प–ग या तिरप्या दांड्याने सांध्याला १२ ने खाली ओढले पाहिजे. म्हणजे प–ग मध्ये १२ × ५ ÷ ४ = १५ ताण, आणि त्याची उजवीकडची ओढ ९. उजवीकडे आता २७ आणि ९ मिळून ३६ झाले. त्यांना रोखायला वरचा दांडा प–फ सांध्याला डावीकडे ३६ ने ढकलतो, म्हणून प–फ मध्ये ३६ दाब.

चौथा सांधा फ. त्यावर बाहेरचा भार नाही. प–फ आणि फ–ब हे दोघे आडवे, त्यामुळे उभ्या फ–ग दांड्याला कोणाशी तोल साधायचाच नाही. त्यात बल शून्य. उजवी बाजू डावीसारखीच असल्याने फोटोवर सगळे दांडे असे नोंदवता येतात:

क–प आणि च–ब: ४५ दाब
प–फ आणि फ–ब: ३६ दाब
क–ख, ख–ग, ग–घ, घ–च: २७ ताण
ख–प आणि घ–ब: २४ ताण
प–ग आणि ब–ग: १५ ताण
फ–ग: शून्य

हिशेब बरोबर आला का, हे ताडण्यासाठी न वापरलेला ग सांधा हाताशी आहे. त्याला दोन तिरपे दांडे वर १२ आणि १२ ने ओढतात आणि खाली २४ चा भार आहे. तोल जमला. तो जमला नसता, तर आधीच्या एखाद्या सांध्यावर चूक झाली असे समजायचे.

शून्य बलाचा फ–ग दांडा निरुपयोगी मात्र नाही. प्लास्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून ओढली तर काही होत नाही, पण टोकांवर दाबली तर ती लगेच मधून बाहेर वाकते. दाबातला सडपातळ दांडा असाच वाकून निकामी होतो, आणि त्याची मोकळी लांबी दुप्पट झाली तर त्याला पेलणारा दाब एक-चतुर्थांशावर येतो. फ–ग दांडा वरच्या दांड्याला मधोमध धरून ठेवतो. तो काढला तर ३ मीटरऐवजी ६ मीटरची लांबी ट्रसच्या पातळीत वर-खाली वाकायला मोकळी होईल. पुलावर पत्र्याचे छप्पर टाकले तर फ वर भार येईल आणि हाच शून्याचा दांडा दाबात जाईल. म्हणून दाबातले दांडे जाड, पेटीसारखे किंवा जाळीने जोडलेले असतात आणि ताणातले दांडे सडपातळ चालतात. फोटोत हा फरक नजरेलाही दिसतो आणि काढलेल्या उत्तराला दुजोरा देतो.

फोटो मात्र समोरूनच काढलेला हवा. जवळून तिरका काढला, तर जवळचा गाळा मोठा आणि दूरचा लहान दिसतो, आणि ही चूक पट्टीने लगेच कळते. लांबून तिरका काढलेला फोटो जास्त फसवा असतो. त्यात सगळे गाळे सारखे दिसतात, पण सगळेच आखूड झालेले असतात. गाळा ३० ऐवजी २५ मिलिमीटर भरला, तर क–ख मधला ताण ३६ × २५ ÷ ४० = २२.५ निघतो. खऱ्या २७ पेक्षा तो बराच कमी आहे, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. ओळखायची एक युक्ती आहे. फोटोत कठड्याला टेकवलेली सायकल असेल तर तिचे चाक पाहावे. ते गोल न दिसता उभट लंबगोल दिसले, तर फोटो तिरका आहे.

या पद्धतीची दुसरी मर्यादा सांध्यातच आहे. प्रत्येक सांधा बिजागरीसारखा मोकळा फिरतो, असे हिशेबात धरलेले असते. प्रत्यक्षात दांडे गसेट प्लेट नावाच्या पोलादी पत्र्याला रिव्हेटने किंवा बोल्टने पक्के जोडलेले असतात, आणि ती प्लेट पुरेशी जाड आहे का हे सांध्यांची पद्धत सांगत नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू हा ट्रसचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला आणि १३ माणसे दगावली. चौकशीत दिसून आले, की यू-१० या नावाच्या सांध्यांवरच्या गसेट प्लेटा हव्या होत्या त्याच्या सुमारे निम्म्या जाडीच्या होत्या. त्या दिवशी दुरुस्तीच्या कामासाठीचे जड साहित्य पुलावर त्याच भागात साठवलेले होते. या प्लेटा आधीच वाकलेल्या होत्या, हे पूल पडण्याच्या काही वर्षे आधी काढलेल्या फोटोंत दिसत होते. म्हणून ट्रसच्या फोटोवर दांड्यांचे आकडे लिहून झाले, की शेवटी प्रत्येक सांध्याची प्लेट सरळ आहे की वाकलेली, हेही पाहावे.