मुख्याध्यापक पदाचा अर्ज : पटसंख्या, निकाल आणि कागदपत्रे बायोडेटात कशी मांडावीत?

जळगाव / धुळे : उन्हाळी सुट्ट्या लागल्या की तालुक्याच्या गावांत एक चर्चा हमखास सुरू होते. अमुक शाळेचे हेडसर रिटायर होताहेत, आता खुर्चीवर कोण? कुणी म्हणतं, ‘सिनियर आहे त्यालाच मिळेल’. कुणी म्हणतं, ‘चेअरमनच्या मनात असेल तो’. नव्या इंग्रजी शाळांत तर जाहिरात निघते, अर्ज मागवतात, मुलाखत होते. अर्जासोबत बायोडेटा जोडावा लागतो आणि पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेले चांगले सरसुद्धा तिथे अडकतात. ‘शाळेची पटसंख्या वाढवली, शंभर टक्के निकाल लावला, सर्वांना सोबत घेऊन काम केले’ अशी तीन वाक्ये ते लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

आधी हे बघा : तुमच्या शाळेत बायोडेटा चालतो का?

खासगी शाळांतील नोकऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. शिक्षकांच्या बोलण्यात हीच ‘एमईपीएस’. तिच्या नियम ३ प्रमाणे माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर आणि बी.एड. असावा लागतो. पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची हवीत. याच नियमानुसार संस्थेने हे पद आपल्या शाळांतील सर्वांत ज्येष्ठ, पात्र शिक्षकाला द्यायचे असते. ज्येष्ठता ठरते अनुसूची ‘फ’ प्रमाणे. म्हणजे अनुदानित शाळेत बायोडेटा कितीही देखणा केला तरी ज्येष्ठता यादीतला क्रमांक बदलत नाही. तिथे अर्जदाराने आधी यादीतली आपली जागा, बी.एड. ची तारीख आणि नेमणुकीची मान्यता तपासावी.

पण त्याच नियमात ‘समाधानकारक सेवा अभिलेख’ अशीही अट आहे. ज्येष्ठ असूनही डावलले जाण्याची वेळ येते तेव्हा वाद याच शब्दांवर होतो. त्यामुळे अनुदानित शाळेतल्या शिक्षकानेही आपल्या कामाची कागदोपत्री नोंद ठेवलेली बरी.

अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक जास्त असते. नव्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा आणि केंद्रीय मंडळाच्या शाळा बहुतेक वेळा जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन माणूस निवडतात. बायोडेटाचा खरा उपयोग तिथे होतो.

पटसंख्या : तारीख नसलेला आकडा कच्चा

पटाच्या आकड्याकडे संशयाने बघायची सवय आपल्याकडे उगाच लागलेली नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली होती, हे अनेकांना आठवत असेल. आता आधार पडताळणी झालेले विद्यार्थीच संच मान्यतेत धरले जातात आणि शिक्षकांची पदे त्यावर ठरतात.

म्हणून बायोडेटात नुसते ‘पट ४३०’ लिहू नये. कोणत्या तारखेचा पट, किती इयत्तांचा आणि आधार जुळलेले किती, हे तिन्ही लिहावे. संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट बघायची पद्धत आहे, म्हणून दर वर्षी हीच तारीख धरलेली सोयीची.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या पट्ट्यातली बरीच कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. सप्टेंबरात भरलेला वर्ग जानेवारीत अर्धा दिसतो. ज्या सरांनी ही मुले गावात आजी-आजोबांकडे थांबावीत म्हणून घरोघर फिरून प्रयत्न केले, त्यांनी सप्टेंबरचा पट आणि जानेवारीची सरासरी हजेरी शेजारी शेजारी लिहावी. नव्या प्रवेशांच्या आकड्यापेक्षा हे काम मोठे आहे, आणि हजेरीपटावरून ते सिद्धही होते.

निकाल : ‘शंभर टक्के’च्या मागे किती मुलं?

सर्वांत जास्त फसगत इथे होते. जळगाव आणि धुळे जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. मंडळ निकाल लावते तेव्हा नोंदणी किती, परीक्षेला बसले किती आणि उत्तीर्ण किती हे वेगवेगळे देते. टक्केवारी बसलेल्या मुलांवर निघते. नववीतच थांबलेली मुले तिच्यात दिसत नाहीत.

उदाहरण घेऊ. समजा दोन पर्यवेक्षकांनी एकाच शाळेत अर्ज केला. आकडे समजण्यापुरते आहेत.

पहिल्या सरांनी लिहिले, ‘दहावी निकाल १०० टक्के’. २८ मुले बसली, २८ पास झाली. आदल्या वर्षी त्यांच्या नववीच्या पटावर मात्र ४६ मुले होती. म्हणजे १८ मुले दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत.

दुसऱ्या सरांनी असे लिहिले : ‘नववीचा पट ८३. दहावीला नोंदणी ७४, परीक्षेस बसले ७२, उत्तीर्ण ६६, निकाल ९१.६७ टक्के. नोंदणी न झालेल्या ९ पैकी ५ दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत, ४ स्थलांतरामुळे गळती. त्यातील २ मुलांचा पुढील वर्षी १७ नंबर फॉर्म भरून घेतला.’

टक्केवारीत पहिले सर पुढे आहेत. पण नववीच्या शंभर मुलांमागे किती पास झाली असा हिशेब केला, तर पहिल्यांकडे सुमारे ६१ येतात आणि दुसऱ्यांकडे सुमारे ८०. अर्थात पहिल्या शाळेतली काही मुले दाखला घेऊन दुसरीकडे पासही झाली असतील. त्यामुळे एवढ्यावरून त्यांना दोष देता येत नाही. मात्र मुलाखतीत ‘ती १८ मुलं कुठं गेली, सर?’ हा प्रश्न येणार. उत्तर दाखल-खारीज रजिस्टरमध्ये असेल तर ठीक, नसेल तर शंभर टक्क्यांची किंमत तिथेच उतरते.

निकाल तीन वर्षांचा सलग द्यावा. एकच चांगले वर्ष उचलून दिले की बाकीची दोन वर्षे लपवली असा अर्थ निघतो. ७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे विशेष प्रावीण्यात किती आणि नुसते ३५ च्या काठावर किती, हेही सांगावे. नापासांमध्ये गणित-इंग्रजीत किती अडकले आणि त्यावर काय केले, हे दोन ओळींत लिहिले तर फारच चांगले.

सहकाऱ्यांचे नेतृत्व : ‘आम्ही’ आणि ‘मी’ वेगळे करा

‘२२ शिक्षकांचे नेतृत्व केले’ या ओळीत खरी गडबड असते. पर्यवेक्षकाकडे कधी फक्त पाचवी ते सातवीचा विभाग असतो. मग दहावीचा निकाल त्याने स्वतःच्या नावावर कसा लावायचा? पद, विभाग आणि ‘पासून-पर्यंत’ तारखा आधी लिहाव्यात. प्रभारी म्हणून काम केले असेल तर प्रभारीच लिहावे.

त्यानंतर मंजूर पदे किती आणि प्रत्यक्ष भरलेली किती हे सांगावे. दोन पदे रिक्त असताना वेळापत्रक कसे बसवले, विज्ञानाचे तास कोणी घेतले, महिन्याला किती पाठांचे निरीक्षण केले आणि शिक्षकाला शेरा लेखी दिला का, यावरून माणसाची पकड कळते. पाठ निरीक्षण वही आणि शिक्षक सभेचे इतिवृत्त हे याचे पुरावे. सहकाऱ्याशी झालेला वाद किंवा कुणाला दिलेली नोटीस नावानिशी बायोडेटात लिहू नये. ती गोपनीय बाब आहे.

नियमपालन : संस्थाचालक हेच आधी वाचतात

मान्यता अडकली, बस अपघात झाला किंवा मुलीची तक्रार दाबली गेली तर सही मुख्याध्यापकाची असते. म्हणून या भागात ‘सर्व नियमांचे पालन केले’ असे मोघम न लिहिता आपण स्वतः हाताळलेली कामे लिहावीत. यू-डायस प्लसची माहिती वेळेत भरून अंतिम केली का? आरटीई मान्यतेचे नूतनीकरण, २५ टक्के प्रवेश, पालक-शिक्षक संघ आणि शुल्क मंजुरी, शाळेची परिवहन समिती, सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही, अग्निसुरक्षा यातले आपल्याकडे काय होते? प्रत्येकापुढे वर्ष आणि सद्यस्थिती लिहावी.

एखादी त्रुटी निघाली असेल तर ती लपवू नये. ‘तपासणीत शौचालयांची त्रुटी निघाली, चार महिन्यांत पूर्तता करून अहवाल दिला’ ही ओळ ‘कोणतीही त्रुटी नाही’ यापेक्षा जास्त विश्वासाची वाटते. कारण त्रुटी नसलेली शाळा सहसा सापडत नाही.

दोन पानांत बसवा

पहिल्या अर्ध्या पानात नाव, पात्रता, बी.एड. ची तारीख आणि पदनिहाय सेवा. त्याखाली तीन वर्षांचा एक तक्ता, त्यात ३० सप्टेंबरचा पट, जानेवारीची हजेरी, नववीचा पट, नोंदणी, बसले, उत्तीर्ण. दुसऱ्या पानावर शिक्षकांचे काम आणि नियमपालन. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक आवर्जून टाकावा. महाराष्ट्राच्या शाळांचा हा क्रमांक २७ ने सुरू होतो. त्यावरून कुणीही शाळेची माहिती ऑनलाइन पडताळून बघू शकतो, आणि बघतातही. मात्र मुलांची नावे, आधार क्रमांक किंवा गुणपत्रिका जोडू नयेत. शाळेचे रेकॉर्ड मुलाखतीला न्यायचे असेल तर आधी सध्याच्या मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी.

गावातल्या संस्थेच्या संचालकांनी आणि पालकांनीही हे ध्यानात ठेवावे. अर्ज समोर आला की टक्केवारी वाचून थांबू नका. आधी नववीचा पट विचारा, मग दाखल-खारीज रजिस्टर उघडायला सांगा. ज्या सरांनी मुलं मोजून ठेवलीत, त्यांना उत्तर द्यायला वेळ लागत नाही.