वसतिगृहात जुलाबाची साथ : वॉर्डनच्या सूचनेत काय असावे

वसतिगृहात दोन-तीन दिवसांत पंचवीस-तीस मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या की सूचनाफलकावर बहुधा एकच ओळ लागते: ‘सर्वांनी स्वच्छता राखावी.’ या ओळीतून आचाऱ्याला, टाकी भरणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा आजारी मुलाला नेमके काय करायचे ते कळत नाही. उपयोगी सूचनेत काम कोणी, किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने करायचे आणि ते झाले हे कसे तपासायचे, एवढे तरी असावेच लागते. त्यासाठी सूचना लिहिण्याआधी संसर्ग कुठून आला असेल याचा अंदाज घ्यावा लागतो.

हा अंदाज वॉर्डनला आजारी मुलांच्या यादीवरून घेता येतो. प्रत्येकाचे नाव, खोली, त्रास सुरू झाल्याची वेळ, आधीच्या दोन-तीन दिवसांत कुठे जेवला आणि कुठले पाणी प्याला, एवढी माहिती पुरते. एकाच जेवणानंतर काही तासांत पुष्कळ मुले एकदम आजारी पडली, तर संशय त्या जेवणावर जातो. रुग्ण दोन-चार दिवस टप्प्याटप्प्याने वाढत गेले, तर पाणी किंवा एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा संसर्ग हे कारण अधिक संभवते.

उदाहरणादाखल दोन इमारतींचे एक वसतिगृह घेऊ. मेस एकच, पण दोन्ही इमारतींच्या पाण्याच्या टाक्या वेगळ्या. ‘अ’ इमारतीत दीडशेपैकी चौतीस मुले तीन दिवसांत आजारी पडली. तेवढ्याच मुलांच्या ‘ब’ इमारतीत फक्त तीन. जेवण सगळ्यांचे एकच असल्याने दोष मेसमध्ये असता तर रुग्ण दोन्हीकडे साधारण सारखे दिसले असते. म्हणून पहिला संशय ‘अ’ इमारतीच्या पाण्यावर येतो. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीचे झाकण फुटलेले असले किंवा जलवाहिनी गटाराजवळून जात असली, तर घाण पाणी आत शिरते. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर धोका वाढतो, कारण पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते.

सूचनेतले पहिले काम पाण्याचा नमुना घेण्याचे. तो क्लोरीन टाकण्यापूर्वीच घ्यायचा, कारण नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाहीत आणि कारण कायमचे हुकते. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच भरावा. मेसमधले उरलेले अन्न फेकून न देता थोडेथोडे झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि आजारी मुलांच्या शौचाचे नमुने शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावेत. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. अहवाल येईपर्यंत संशयित टाकीचे पाणी पिणे आणि त्या पाण्यात भांडी-भाज्या धुणे बंद ठेवावे. पिण्यासाठी खळखळ उकळून झाकून थंड केलेले किंवा टँकरचे तपासलेले पाणी द्यावे.

नमुना घेतल्यावर टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढावा आणि भिंती घासाव्यात. दहा हजार लिटरच्या टाकीच्या निर्जंतुकीकरणासाठी लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरले, तर ५०० ग्रॅम क्लोरीन लागते. ताज्या टीसीएल पावडरमध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते; म्हणून पावडर दीड किलो घ्यावी लागते. ती बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. सर्व नळ थोडे सोडून क्लोरीनचा वास आला की बंद करावेत, म्हणजे आतल्या वाहिन्याही निर्जंतुक होतात. बारा तासांनी हे पाणी सोडून द्यावे. ते पिऊ नये, स्वयंपाकालाही वापरू नये. उघडे राहिलेले पोते किंवा जुनी पावडर निकामी होत जाते, म्हणून ताज्या पोत्याचाच आग्रह धरावा.

त्यानंतर रोजचे क्लोरीन सुरू करावे. बरी पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या टाकीला पंचवीस ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळाशीच खर्च होते आणि एवढे पुरत नाही. म्हणून पावडर टाकली म्हणजे काम झाले असे न मानता तासाभराने इमारतीतल्या सर्वांत दूरच्या नळाचे पाणी तपासावे. ओटी चाचणीत औषधाचे काही थेंब टाकताच पाणी पिवळे होते. पट्टीवरचा रंग साथीच्या काळात लिटरला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत यावा. रंग आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा तपासावे आणि प्रत्येक नोंदीखाली तपासणाऱ्याने सही करावी. आरओ यंत्र आणि वॉटर कूलर यांचा या तपासणीत खास विचार करावा लागतो. कार्बनच्या गाळणीत क्लोरीन उरत नाही, त्यामुळे पुढच्या टाकीत किंवा तोटीवर जंतू शिरले तर त्यांना रोखणारे काही राहत नाही. कूलरच्या आतली टाकी धुवून, मुदत संपलेली गाळणी बदलूनच तो पुन्हा सुरू करावा.

मेसमधल्या माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचा नियम रजेचा आहे. जुलाब किंवा उलटी झालेल्या आचाऱ्याने, वाढप्याने किंवा भांडी घासणाऱ्याने त्रास थांबून ४८ तास होईपर्यंत स्वयंपाकघरात येऊ नये. बरे वाटू लागल्यावरही शौचातून जंतू बाहेर पडतच असतात. पण रजेचा पगार कापला जाणार असेल तर कोणीही आजार सांगत नाही. म्हणून ‘या दिवसांचा पगार मिळेल’ हे वाक्य सूचनेतच असावे. शौचालयातून आल्यावर आणि कच्चे मांस किंवा अंडी हाताळल्यावर साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत. सॅनिटायझरवर विसंबू नये. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसे चालत नाही. साथ संपेपर्यंत चटणी, कोशिंबीर, ताक आणि चिरलेली फळे बंद ठेवावीत. शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांवर गरम ठेवावे. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला देऊ नये. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या एका जंतूचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

विद्यार्थ्यांसाठीच्या भागात शौचालय आणि उपचार एवढे पुरते. आजारी मुलांना शक्य तर वेगळे शौचालय द्यावे. उलटी सांडलेली जागा हातमोजे घालून आधी पुसावी, मग लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम टीसीएल पावडर मिसळून त्या पाण्याने दहा मिनिटे ओली ठेवावी. ही पावडर ॲसिड किंवा शौचालयाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. ओआरएसची मोठी पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवावी आणि उरलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. पुडी अर्धी-अर्धी अंदाजाने घातली तर क्षारांचे प्रमाण बिघडते. शौचात रक्त, मोठा ताप, पाणीही न टिकणे, लघवी जवळपास बंद होणे, गुंगी किंवा भाताच्या पेजेसारखे पाण्याचे भरमसाट जुलाब यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, विशेषतः ताप किंवा रक्त असताना.

सूचनेच्या शेवटी ती कधी मागे घेतली जाईल हेही लिहावे. साधारणपणे शेवटचा रुग्ण आढळल्यापासून त्या जंतूच्या सुप्त काळाच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण आला नाही, तर साथ संपली असे धरतात. कॉलऱ्याचा सुप्त काळ पाच दिवसांपर्यंत असतो, म्हणून त्यासाठी हे दहा दिवस होतात. जंतू कळला नसेल तर मुदत आरोग्य अधिकाऱ्याने ठरवावी. क्लोरीनची रोजची तपासणी आणि आजारी कामगाराची रजा हे दोन नियम मात्र सूचना उतरल्यावरही चालू राहतात.