लेथचा वेग नेमका कुणाचा?

टूलच्या डब्यावर किंवा तक्त्यात कटिंग स्पीड मीटर प्रति मिनिट असा दिलेला असतो. लेथच्या हेडस्टॉकवर मात्र आकडे असतात आरपीएमचे, म्हणजे मिनिटाला किती फेरे याचे. नवा ऑपरेटर इथे अडखळतो, कारण त्याला हे दोन्ही आकडे एकाच वेगाचे वाटतात. तसे ते नाहीत. जत्रेतल्या चक्रात कडेच्या घोड्यावर बसलेलं पोर आणि मधल्या घोड्यावरचं पोर सारखेच फेरे घेतात, पण वारा लागतो तो कडेच्या पोराला. टूलची धार जॉबच्या कडेला टेकलेली असते, म्हणून तिला कळतो तो फक्त कडेचा वेग.

एका फेऱ्यात टूलसमोरून जॉबच्या परिघाएवढी लांबी सरकते. परिघ म्हणजे व्यास गुणिले पाय. ५० मिमीच्या रॉडचा परिघ झाला साधारण १५७ मिमी. टूलला मिनिटाला ३० मीटर, म्हणजे ३०,००० मिमी वेग हवा असेल, तर ३०,००० ला १५७ ने भागायचं: १९१ फेरे. सूत्र एवढंच आहे:

N = (1000 × V) ÷ (π × D)

V मीटर प्रति मिनिटात, D मिलिमीटरमध्ये. वरचा १००० मीटरचे मिलिमीटर करण्यासाठी आहे. कागद हाताशी नसेल तर V ला ३२० ने गुणून व्यासाने भागलं तरी शॉप फ्लोअरवर चालतं. बाहेरून टर्निंग करताना व्यास धरायचा तो कट घेण्याआधीचा, कारण धारेला सर्वांत जास्त वेग तिथेच सोसावा लागतो.

३० हा आकडा एचएसएस टूलने साधं माइल्ड स्टील कापण्यासाठीचा, तोही अंदाजे. त्याच रॉडला कोटिंगवालं कार्बाइड इन्सर्ट लावून १५० मीटर धरले तर उत्तर ९५५ येतं. म्हणजे रॉड तोच, व्यास तोच, टूल बदललं की फेरे पाचपट.

आता गिअरच्या लेथवर १९१ मिळत नाही. समजा १७५ आहे आणि त्यापुढचा गिअर थेट २८० चा. २८० घेतला तर कडेचा वेग ४४ मीटर होतो. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलर यांनी सुमारे २६ वर्षांचे प्रयोग १९०६ साली मांडले, आणि टूलचं आयुष्य वेगाबरोबर किती झपाट्याने घटतं याचं गणित त्यांच्याकडून आलं. एचएसएसच्या नेहमीच्या घातांकाने हिशेब केला, तर ३० मीटरवर तासभर टिकणारी धार ४४ मीटरवर जेमतेम तीन मिनिटं टिकते. म्हणून १७५ घ्यायचा, वेग २७.५ मीटर राहतो आणि टूल सुखात असतं. पण रॉड ३० मिमीपर्यंत उतरला की हाच १७५ फक्त १६.५ मीटर देतो, तेव्हा मात्र २८० लावायला हरकत नाही.

चुकलं की खुणा दिसतात. एचएसएसने कापताना चिप निळी पडत असेल तर वेग जास्त आहे. हे टूल साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडतं. कार्बाइडला मात्र निळी चिप चालते. त्याचं दुखणं उलट असतं: फार हळू चालवलं तर जॉबचाच धातू धारेवर चिकटून बसतो आणि फिनिश ओरबाडल्यासारखी येते. भिऊन आरपीएम कमी करणाऱ्याला हे सहसा पटत नाही.

खरी गंमत फेसिंगची. टूल कडेकडून मध्याकडे जातं, व्यास घटत घटत शून्यावर येतो, आणि सूत्रात शून्याने भागण्याची वेळ येते. साध्या लेथवर फेरे ठरलेले असतात, त्यामुळे मध्याजवळ वेग मरतो आणि तिथली फिनिश खराब निघते. सीएनसीवर मशीन स्वतःच फेरे वाढवत नेतं. बऱ्याच मशीनवर त्यासाठी असं लिहितात:

```
G50 S2000
G96 S150 M03
```

दुसऱ्या ओळीतला १५० म्हणजे मीटर प्रति मिनिट, आरपीएम नव्हे. पहिली ओळ फेऱ्यांना २००० वर लगाम घालते. ती नसेल तर १० मिमी व्यासावर पोचताना मशीन ४,७७५ आरपीएम मागेल. लगाम असला की २४ मिमीच्या आत फेरे २००० वरच थांबतात आणि कटिंग स्पीड उतरू लागतो. मध्यावरची थोडी फिनिश त्यात जाते, पण ती जाऊ द्यावी. फेरे वाढले की चकचे जॉ केंद्राबाहेर ओढले जातात, जॉबवरची पकड ढिली होते आणि जड जॉब सुटून उडू शकतो.

म्हणून सूत्रातून काहीही उत्तर आलं, तरी चकवर कोरलेला कमाल आरपीएमचा आकडा आधी वाचा आणि दोन्हींतला लहान असेल तोच लावा.