ताकीदपत्रात तारखा हव्यात, विशेषणं नकोत

‘आपण सतत उशिरा येता. वारंवार तोंडी सांगूनही आपल्या वागणुकीत सुधारणा नाही. यावरून आपल्याला कामाचं गांभीर्य नाही, हे दिसून येतं. आपल्या बेजबाबदारपणाचा इतरांवर वाईट परिणाम होत आहे. ही शेवटची ताकीद समजावी, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. प्रत : सर्व विभागप्रमुख, सूचना फलक.’

लहानमोठ्या कारखान्यांत आणि कार्यालयांत अशा मजकुराची पत्रं सर्रास निघतात. पत्र कडक वाटतं, पण प्रत्यक्षात ते लेचंपेचं असतं. किती वेळा उशीर झाला, कोणत्या तारखेला, किती मिनिटं, तोंडी कोणी आणि कधी सांगितलं, यातलं काहीच त्यात नाही. उद्या प्रकरण कामगार न्यायालयात गेलं, तर ‘सतत’ आणि ‘वारंवार’ हे शब्द कोणत्या मस्टरवर दाखवणार? ‘गांभीर्य नाही’ हा तर थेट माणसाच्या मनाचा पंचनामा. ते सिद्ध करता येत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र ते वर्षानुवर्षं विसरता येत नाही.

हेच पत्र नीट कसं लिहायचं, ते एका नमुन्यावरून पाहू. भोसरी एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना धरा. गुरुवारी सुट्टी, कामाची वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 5.30, दहा मिनिटांची सवलत. स्टोअरमधला लिपिक जून 2025 मध्ये उशिरा येऊ लागला. त्याच्या वरिष्ठांनी आधी पंचिंग मशीनची नोंद काढली : 3 जून, 9.32. 6 जून, 9.41. 10 जून, 9.35. 13 जून, 9.40. 17 जून, 9.28. 24 जून, 9.38. मध्येच 11 तारखेला सुपरवायझरने त्याला केबिनमध्ये बोलावून समज दिली होती आणि तशी ओळ आपल्या डायरीत लिहून ठेवली होती. म्हणजे एकूण सहा वेळा उशीर, त्यातले तीन समज दिल्यानंतरचे.

आता या तारखा कॅलेंडरवर ठेवून पाहा. सहाच्या सहा मंगळवार किंवा शुक्रवार आहेत. आळशी माणसाला वार पाळून उशीर होत नाही, तेव्हा इथे काहीतरी ठरलेलं कारण असणार. ‘सतत’ या शब्दाखाली ही गोष्ट दडून गेली होती. तारखा लिहिण्याचा फायदा मालकाला पुरावा मिळण्यापुरता नसतो. त्या लिहायला बसलं की लिहिणाऱ्यालाही प्रकरण पहिल्यांदा नीट दिसतं.

पुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. आदर्श स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणं हे गैरवर्तन म्हणून नोंदलेलं आहे, आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत ताकीद ही शिक्षांच्या यादीतली सर्वांत सौम्य शिक्षा आहे. सौम्य असली तरी शिक्षाच ती, म्हणून आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकायला हवं. आमच्या नमुन्यात 25 जूनला खुलासा मागवणारा मेमो गेला. त्यात सहा तारखा, सहा वेळा आणि एकच प्रश्न : याबद्दल आपलं म्हणणं तीन दिवसांत लेखी द्यावं. ‘आपल्यावर कारवाई का करू नये’ अशी दटावणी पहिल्याच मेमोत घालायची गरज नाही. ती वाचून माणूस कारण सांगायचं सोडून बचाव रचू लागतो.

28 तारखेला खुलासा आला. वडिलांना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिसला पोचवावं लागतं. मग ताकीद द्यायचीच का? माझ्या मते द्यावी. कारण खरं असलं तरी त्याने ते आधी कळवलं नाही, समज दिल्यावरही कळवलं नाही, आणि 13 जूनला कच्च्या मालाची गाडी गेटवर ताटकळली. दया म्हणून पत्रच टाळलं, तर पुढच्या महिन्यात उशिरा येणाऱ्या दुसऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने पत्र देणार? मात्र आता पत्राचा रोख बदलतो. 1 जुलैचं पत्र असं होतं :

‘विषय : कामावर उशिरा हजर राहण्याबाबत ताकीद. संदर्भ : 25 जूनचा मेमो व आपला 28 जूनचा खुलासा.

जून महिन्यात आपण सहा वेळा सवलतीच्या वेळेनंतर हजर झालात. तारखा व वेळा सोबतच्या तक्त्यात आहेत. 11 जून रोजी याबाबत आपणास तोंडी समज देण्यात आली होती. त्यानंतर 13, 17 व 24 जूनला पुन्हा उशीर झाला. 13 जूनला माल उतरवून घेण्यास स्टोअरमध्ये कोणी नसल्याने पुरवठादाराची गाडी 9.40 पर्यंत थांबून राहिली.

आपल्या खुलाशातील वैयक्तिक कारणाची नोंद घेतली आहे. ते कारण वेळेवर न कळवल्याबद्दल व समज दिल्यानंतरही उशीर झाल्याबद्दल आपणास ही लेखी ताकीद देण्यात येत आहे.

1 जुलै ते 31 ऑगस्ट या काळात मंगळवार व शुक्रवारी आपली वेळ सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15 राहील. इतर दिवशी नेहमीची वेळ लागू असेल. अचानक उशीर होणार असल्यास 9 पूर्वी सुपरवायझरना फोन करावा. पूर्वसूचनेशिवाय पुन्हा उशीर झाल्यास स्थायी आदेशांनुसार पुढील कारवाई केली जाईल. पुढील सहा महिन्यांत अशी नोंद न झाल्यास ही ताकीद नंतरच्या कोणत्याही कारवाईत विचारात घेतली जाणार नाही.’

यात एकही विशेषण नाही, आणि तरीही सुटायला जागा नाही. ‘डायलिसिस’ हा शब्द जाणूनबुजून टाळला आहे. हे पत्र पर्सनल फाइलला लागणार, उद्या कोणीही साहेब ते चाळणार, तिथे घरातलं आजारपण कशाला? ‘कामावरून कमी करू’ हेही काढलं, कारण ते खोटं आहे. एवढ्या उशिरासाठी, खातेनिहाय चौकशीशिवाय, कायम कामगाराला सरळ घरी पाठवता येत नाही, हे त्याच्या युनियनला चांगलं ठाऊक असतं. पाळता न येणारी धमकी लिहिली की पत्रातल्या खऱ्या ओळींचंही वजन जातं.

पत्र मराठीत आहे, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे रोजचं सगळं बोलणं मराठीत आणि मेमो मात्र इंग्रजीत, ही जुनी खोड आहे. शिक्षा वाचून घ्यायला माणसाला शेजारच्याकडे जावं लागलं, तर अपमान तिथेच झाला.

पत्र देण्याच्या पद्धतीतही तेवढीच काळजी हवी. बंद केबिनमध्ये, वरिष्ठ आणि तो कर्मचारी, दोघंच. सूचना फलक नाही, विभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप नाही. स्थळप्रतीवर सही घेताना ‘मान्य’ असं लिहून घेण्याचा हट्ट धरू नये. ‘मिळाले’, तारीख आणि सही एवढी पोच पुरते. पत्र घेणं म्हणजे आरोप कबूल करणं नव्हे, हे तोंडाने सांगितलं की बहुतेक जण सही करतात. तरी कोणी नकार दिलाच, तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करावी आणि पत्र टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवावं.

पत्रावर सही करण्यापूर्वी वरिष्ठांनी आणखी एक कागद जरूर पाहावा : त्याच महिन्याचं संपूर्ण विभागाचं मस्टर. चार जण 9.30 ला येत असतील आणि पत्र एकालाच जात असेल, तर मजकूर कितीही सभ्य असो, त्याला तो सूडच वाटेल, आणि न्यायालयालाही तसं वाटू शकतं. अशा वेळी चौघांनाही तोच मेमो, त्यांच्या त्यांच्या तारखांसह, एकाच दिवशी जायला हवा.