‘माय तानपुरा स्पीक्स’

परदेशातल्या एका संगीत महोत्सवाच्या पुस्तिकेत मिरजेच्या एका तंबोरा कारागिराचा परिचय छापायचा होता. शब्दमर्यादा शंभर, भाषा इंग्रजी. त्यांनी स्वतः वहीत लिहिलेला मजकूर नीट करून देण्यासाठी माझ्याकडे आला. सोबत त्यांच्या पुतण्याने ‘सुधारलेली’ प्रतही होती. पुतण्या पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, त्याचं इंग्रजी बिनचूक आहे. तरी मी त्याची प्रत बाजूला ठेवली आणि वहीचं पान पुढ्यात घेतलं.

वहीत होतं ते असं: ‘आय ॲम मेकिंग तानपुरा सिन्स 1998. माय फादर वॉज ऑल्सो डुइंग धिस वर्क. जवारी आय लर्न्ड फ्रॉम ग्रँडफादर ओन्ली. जवारी इज नॉट इन टूल, इट इज इन इअर. बोथ सन्स आर ऑल्सो इन धिस लाइन. पीपल से माय तानपुरा स्पीक्स.’

पुतण्याच्या प्रतीत याचं झालं होतं: संगीतनगरी मिरजेतले ध्येयवेडे कलावंत, तीन दशकांच्या सुरेल प्रवासाचे वाटसरू, वगैरे. इंग्रजीत असे शब्द भरपूर मिळतात आणि ते कुणालाही चिकटवता येतात. केटररलाही आणि योगशिक्षकालाही. शिवाय 1998 पासूनचा काळ अजून तीन दशकांचा झालेला नाही. व्याकरण सुधारता सुधारता हिशेब बिघडला, आणि हे नेहमी होतं.

वहीतल्या चुका मोजायला बसलात तर त्या फार नाहीत, आणि बहुतेक मराठीतून आलेल्या आहेत. ‘मी 1998 पासून तंबोरे बनवतोय’ हे मराठीत चालू वर्तमानकाळात बसतं. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या कामासाठी वेगळा काळ लागतो: ‘आय हॅव बीन मेकिंग’. हा साधा नियम आहे. तो विचारून लावायची गरज नाही, गुपचूप लावावा. ‘तानपुरा’चं अनेकवचन ‘तानपुराज’ करणं आणि ‘बोथ सन्स’मध्ये ‘माय’ घालणं तसंच.

दुसरं वाक्य मात्र फसवं आहे. ‘माय फादर वॉज ऑल्सो डुइंग धिस वर्क’ वाचून इंग्रज वाचकाला वाटेल की वडील वारले, किंवा त्यांनी धंदा सोडला. मराठीत ‘वडीलही हेच करायचे’ म्हटलं तरी तोच प्रश्न उरतो, पण ऐकणाऱ्याला घरची माहिती असते म्हणून भागतं. इथे क्रियापद दुरुस्त करण्याआधी फोन करावा लागतो. मी केला. ‘वडील कसे आहेत?’ म्हणून विचारलं. ‘आहेत की. आता भोपळा-दांडीचं काम होत नाही त्यांच्याच्यानं, पण जवारी अजून तेच काढतात.’ मग इंग्रजीत वाक्य उभं राहिलं: वडीलही हेच काम करत आले, आता ते तंबोरा बांधत नाहीत, पण जवारी अजून काढतात. व्याकरणाची शंका म्हणून जे सुरू झालं ते माहितीवर येऊन थांबलं. पुतण्याने हेच वाक्य ‘हिज लेट फादर’ करून टाकलं असतं तर? त्याने केलं नव्हतं, घरचाच होता. बाहेरच्या संपादकाने सहज केलं असतं.

तिसऱ्या वाक्यातला ‘ओन्ली’ हा आपला ‘च’ आहे. ‘आजोबांकडूनच शिकलो.’ इंग्रजीत तो वाक्याच्या शेवटी टाकला की वाचक गोंधळतो, कारण त्याचा अर्थ ‘फक्त’ असा होतो, आणि आपला ‘च’ कधी ‘फक्त’ असतो, कधी नुसता जोर. म्हणून पुन्हा विचारलं, दुसऱ्या कुणाकडे शिकलात का? ‘दुसरं कोण शिकवणार?’ म्हणजे इथे तो दोन्ही होता. मग ‘ओन्ली’ काढला आणि लिहिलं: ‘जवारी आय लर्न्ड फ्रॉम माय ग्रँडफादर, अँड फ्रॉम नोबडी एल्स.’ कर्म आधी, कर्ता नंतर, हा क्रम मराठी वळणाचा आहे खरा, पण इंग्रजीतही जोर देण्यासाठी असं लिहितात. चूक नसेल तर वळण मोडायचं कशाला?

चौथ्या वाक्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि सर्वात कमी बदललं. जवारी म्हणजे घोडीची वरची बाजू कानशीने इतकी बेताने घासायची की तार तिला निसटती लागत राहावी आणि स्वर भरून, खुलून यावा. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो नेमका जागी बसवायचा. हे मोजपट्टीने होत नाही, कानाने होतं. त्यांनी तेच लिहिलं होतं. कमी होते ते दोन ‘द’, कारण मराठीला आर्टिकल नाही आणि ती आपल्या हातून नेहमी सुटतात. ते घातले: ‘जवारी इज नॉट इन द टूल, इट इज इन द इअर.’ शाळेतल्या बाईंनी मधल्या स्वल्पविरामावर लाल शाई ओढली असती, कारण दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडणं इंग्रजीत दोष समजतात. पण अशी छोटी, एकमेकांना छेद देणारी जोडवाक्यं चांगले इंग्रजी लेखकही स्वल्पविरामानेच जोडतात. मी राहू दिला. पुतण्याची आवृत्ती होती, ‘जवारीची कला अवजारांपेक्षा तयार कानावर अधिक अवलंबून असते’ या धर्तीची. अर्थ तोच, पण ते पाठ्यपुस्तकातलं वाक्य झालं. ते बोलणारा माणूस दुकानात बसलेला नाही.

‘इन धिस लाइन’ बहुतेक लोक खोडतात. आपल्याकडे ‘लाइन’ म्हणजे धंदा, आणि इंग्रजीतही तो अर्थ आहेच, फक्त पुढे ‘ऑफ वर्क’ जोडलं की परक्यालाही कळतं. दोन शब्दांत काम झालं.

शेवटचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. तंबोरा ‘बोलतो’ हे इंग्रजीत विचित्र वाटेल अशी भीती पुतण्याला होती, म्हणून त्याने ‘गातो’ केलं होतं. पण चर्चमधले ऑर्गन बनवणारे कारागीरही नळी ‘बोलते’ असंच म्हणतात. परदेशातला जाणकार अडखळणार नाही, आणि बाकीचे अडखळले तरी बिघडत नाही.

दुरुस्त प्रत मी त्यांना इंग्रजीत पाठवली नाही. फोनवर एकेक वाक्य मराठी करून वाचून दाखवलं. माणसाला आपलं बोलणं ओळखता येतं, इंग्रजी व्याकरण न येताही. एका ठिकाणी ते थांबले. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पुतण्याने मधे घुसवलं होतं आणि मी ठेवलं होतं. ‘ते खरं आहे, पण ते गावाचं आहे, माझं नव्हे.’ काढलं. आयोजकांना ते प्रास्ताविकात घालायला सांगितलं.

मग आयोजकांकडून निरोप आला की सगळे परिचय तृतीयपुरुषी हवेत. इथे बहुतेक लोक सरळ ‘आय’चं ‘ही’ करतात. ‘लोक म्हणतात माझा तंबोरा बोलतो’ हे माणसाने स्वतः सांगितलं तर साधं असतं, थोडी लाज, थोडा अभिमान. ‘लोक म्हणतात त्यांचा तंबोरा बोलतो’ म्हटलं की जाहिरात. म्हणून माहितीची वाक्यं तेवढी तृतीयपुरुषात घेतली: गाव, साल, वडील, दोन्ही मुलं. आजोबांचं, टूलचं आणि बोलण्याचं, ही तीन वाक्यं अवतरणचिन्हांत त्यांच्याच तोंडी ठेवली. आयोजकांनी हरकत घेतली नाही, आणि सगळं शंभर शब्दांत बसलं.