चौदा नंबरचा मुद्दा

खालापूर तालुक्यात सावरोली-खारपाडा रस्त्याच्या आजूबाजूला जी लहान-मध्यम युनिटं आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे ऑडिटर ठाण्या-पुण्याचे. पूर्वी त्यांचे आर्टिकल खोपोली लोकल पकडून यायचे, आठवडाभर आमच्याच टेबलावर बसायचे आणि शंका तोंडी विचारायचे. आता ते दोन दिवस येतात, सगळं स्कॅन करून नेतात आणि पुढचा महिना मेलवर चालतो. तोंडी उत्तर हवेत विरून जायचं. मेलमधलं उत्तर त्यांच्या फायलीत कागद म्हणून लागतं. तीन आठवड्यांनी दुसरा माणूस ते उघडतो आणि आकडा जुळवून बघतो.

आमची कंपनी लोखंडी सुटे भाग बनवते. 2024-25 च्या ऑडिटला पहिली यादी एकवीस मुद्द्यांची आली. सातवा मुद्दा दरवर्षीचा: पुस्तकातली विक्री आणि जीएसटीआर-1 मधली विक्री यांत फरक का? पुस्तकात 6,18,40,000, रिटर्नमध्ये 6,24,65,000, फरक 6,25,000. हा फरक असायलाच हवा. भंगार विक्रीचे 3,80,000 आम्ही इतर उत्पन्नात दाखवतो, जुनं लेथ विकल्याचे 2,10,000 स्थिर मालमत्तेच्या खात्यात जातात, पण जीएसटीला दोन्ही पुरवठाच. राहिले 35,000. मार्चअखेरची भावफरकाची क्रेडिट नोट रिटर्नमध्ये एप्रिलला गेली, त्याचे. तिन्हींची बेरीज बरोबर बसते. प्रत्येक रकमेसमोर लेजरचं नाव आणि जोडलेल्या फायलीतला पान क्रमांक लिहून उत्तर गेलं. नुसतं ‘सोबत कागद जोडले आहेत’ लिहिलं की चाळीस पानांच्या पीडीएफमध्ये आर्टिकल स्वतः शोधत बसतो, आणि शोधताना त्याला नको ते सापडतं.

चौदावा मुद्दा आठ दिवसांनी जागा झाला. ग्राहकांकडून शिल्लक खात्रीची पत्रं ऑडिटर स्वतः मागवतात, उत्तर थेट त्यांच्याकडे जातं. आम्हाला ते दिसत नाही. मेल दोन ओळींची होती: चाकणच्या ग्राहकाने 31 मार्चची शिल्लक तुमच्यापेक्षा 1,41,600 ने कमी कळवली आहे, खुलासा करावा.

असा अनोळखी फरक दिसला की तो आधी 1.18 ने भागायचा, ही आमच्या खात्यातली सवय. 1,20,000 असा गोल आकडा निघाला. म्हणजे अठरा टक्के जीएसटीसकट एक अख्खं बिल. खातं उघडलं तर मार्चचं शेवटचं बिल तेवढ्याच रकमेचं, तारीख 31 मार्च.

डिस्पॅचच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “अहो, रविवारी पाडवा, सोमवारी ईद. गाडी कुठली मिळतेय! बिल संध्याकाळी बनवून ठेवलं, माल मंगळवारी सकाळी गेला.” बिल सोमवारी का बनवलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मार्चअखेरीला विक्रीचा आकडा थोडा वर दिसावा असं कुणाला वाटत नाही?

काकांचं बोलणं खरं असलं तरी ते मेलमध्ये चालत नाही. तीन कागद काढले. गेटच्या आउटवर्ड रजिस्टरचं ते पान, ज्यावर 31 तारखेची शेवटची आणि 1 तारखेची पहिली नोंद एकाखाली एक आहे. वजनकाट्याची पावती, तारीख 1 एप्रिल, सकाळी 9.20. आणि ई-वे बिल: भाग अ 31 मार्चला भरलेला, भाग ब मध्ये गाडीचा नंबर 1 एप्रिलला टाकलेला. हा तिसरा कागद सगळ्यांत बोलका, कारण ती वेळ पोर्टलने उमटवलेली असते, आपल्या हातात नसते. चौथा कागद ग्राहकाची खरेदी ऑर्डर. तिच्यात ‘चाकण गेटवर पोच, भाडं पुरवठादाराचं’ असं होतं. म्हणजे बोरघाट चढून माल तिकडे उतरेपर्यंत जोखीम आमची, आणि विक्री 2025-26 ची.

खरं काम इथून सुरू झालं. विक्री 1,20,000 ने मागे घेतली. जुन्या बिलाची तारीख सॉफ्टवेअरमध्ये बदलायचा मोह होतो, पण एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू ठेवावा लागतो, आणि तारीख बदललेली लगेच दिसते. म्हणून स्वतंत्र जर्नल व्हाउचर, नॅरेशनमध्ये ‘ऑडिट मुद्दा 14’. माल 31 ला आपल्याच आवारात होता, तेव्हा त्याची किंमत 96,000 अखेरच्या साठ्यात वाढली. नफा 24,000 ने उतरला. जीएसटी मात्र मार्चमध्येच राहिला, कारण मालाच्या बाबतीत कर बिलाच्या तारखेला लागू होतो.

आणि म्हणूनच सातवा मुद्दा बिघडला. पुस्तकातली विक्री आता 6,17,20,000 झाली, रिटर्न तेच, फरक 7,45,000. आठ दिवसांपूर्वी आम्हीच लिहून दिलेला 6,25,000 चा आकडा त्यांच्या फायलीत बसलेला. साठ्याची यादी तिसऱ्या मुद्द्यात दिलेली, उधारीची नवव्यात. दोन्ही शिळ्या झाल्या. एकट्या चौदाव्याचं उत्तर पाठवून गप्प बसलं असतं, तर तीन विसंगती त्यांनी शोधल्या असत्या, आणि मग प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघितलं गेलं असतं.

यासाठीच यादीच्या शीटमध्ये ‘कुठल्या मुद्द्यांवर परिणाम’ असा रकाना ठेवतो. बाकीचे रकाने साधे: ऑडिटरचाच क्रमांक, प्रश्न त्यांच्याच शब्दांत, कुणाकडे आहे, उत्तराची तारीख, फाईलचं नाव, स्थिती. क्रमांक आपण बदलायचे नाहीत; मुद्दा फुटला तर 14अ, 14ब. स्थितीत आम्ही फक्त ‘उघडा’ किंवा ‘उत्तर दिलं’ लिहितो. ‘बंद’ हा शब्द ऑडिटरची मेल आल्यावरच पडतो. आमच्या मालकांना ही भानगड वाटते, त्यांना यादी हिरवी दिसली पाहिजे असते. पण आपण बंद समजलेला मुद्दा सह्यांच्या आदल्या दिवशी उठला, की धावपळ आमची होते.

आमची मेल इंग्रजीत जाते; मराठीत ती साधारण अशी:

“मुद्दा 14: फरक रु. 1,41,600 = बिल रु. 1,20,000 + जीएसटी रु. 21,600. माल 1 एप्रिल 2025 रोजी बाहेर पडला (सोबतची फाईल `Q14_Despatch.pdf`, पान 1 गेट रजिस्टर, पान 2 काटा पावती, पान 3 ई-वे बिल, पोच अट पान 4). विक्री रु. 1,20,000 मागे घेतली, साठा रु. 96,000 ने वाढवला. जर्नल व्हाउचर पान 5 व 6. जीएसटीचे रु. 21,600 ग्राहकाकडून येणे म्हणून कायम; त्याच्या पत्राशी तेवढाच फरक राहील. मुद्दा 3, 7 व 9 ची आमची आधीची उत्तरं रद्द समजावीत. सुधारित तक्ते सोबत. मुद्दा 7 चा फरक आता रु. 7,45,000, चौथी बाब रु. 1,20,000.”

खुलाशात ‘सुट्ट्यांमुळे’ हा शब्द मुद्दाम टाळला. कारण दिलं की त्यावर प्रश्न येतो. कागद दिला तर सहसा येत नाही.

सहसा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 14, 3, 9 बंद. 7 तपासात. आणि नवा मुद्दा 22: मागच्या वर्षीच्या मार्चअखेरीची शेवटची पाच बिलं, गेट रजिस्टर आणि काटा पावत्यांसह पाठवावीत. 2024 चं रजिस्टर स्टोअरच्या माळ्यावर आहे, आणि माळ्याची किल्ली काकांकडे.