‘परम युवा-२’चा हिशेब, युनिटांत

हिंजवडीच्या आयटी पार्कातून वाकड, बाणेर मागे टाकत पुणे विद्यापीठाच्या आवारात आलं की सी-डॅकचं संगणन केंद्र लागतं. फेब्रुवारी २०१३मध्ये तिथे ‘परम युवा-२’ हा महासंगणक सुरू झाला. आधीच्या यंत्रणेपेक्षा तो ३५ टक्के कमी वीज घेईल, असं सी-डॅकने तेव्हाच सांगितलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॅटमागे किती काम होतं हे पाहणाऱ्या ‘ग्रीन ५००’ यादीत तो ४४वा आला.

त्यात दोन जातींचे प्रोसेसर होते. झिऑन ई५-२६७० हा नेहमीचा: ८ कोअर, २.६ गिगाहर्ट्झ, ११५ वॅट. दुसरा झिऑन फाय ५११०पी: ६० कोअर, जेमतेम १.०५ गिगाहर्ट्झ, २२५ वॅट. कागदावर पहिला सेकंदाला १६६ अब्ज गणितं करतो आणि दुसरा सुमारे १,०११ अब्ज. वॅटला गणितांनी भागलं की एका गणिताचा खर्च निघतो: झिऑनला ६९१ पिकोज्यूल, फायला २२३. म्हणजे दुप्पट वीज खाणारा फाय कामामागे तिप्पट स्वस्त.

हे जमतं कारण खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि घड्याळ मंद ठेवलं की कमी व्होल्टेजवर भागतं. शिवाय फायचे कोअर साधे आहेत. एकदा आज्ञा वाचली की ती आठ संख्यांवर एकदम चालते. झिऑनमध्ये ती चारच संख्यांवर चालते.

पण आठही जागा भरायला हव्यात, आणि ते काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं. समजा, एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं करायची आहेत. जुना प्रोग्रॅम झिऑनची ८० टक्के क्षमता वापरतो, पण फायची फक्त २०. मग झिऑन दोन तास पाच मिनिटं घेतो आणि ०.२४ युनिट जाळतो. फाय एक तास बावीस मिनिटांत मोकळा होतो, पण त्यात ०.३१ युनिट जातं. शर्यत जिंकली, बिल मात्र वाढलं! (फाय हे कार्ड आहे. ज्या झिऑनच्या जोडीला ते बसवतात, त्याची वीज मी यात धरलेलीच नाही.) माझ्या मते खरेदीच्या कागदावर घड्याळाच्या रकान्याआधी कामामागे लागणाऱ्या युनिटांचा रकाना हवा.

वरचे वॅट म्हणजे कंपनीने दिलेली मर्यादा. खरा खर्च मोजावा लागतो. इंटेलच्या लिनक्स मशीनवर कामाच्या आधी आणि नंतर हा आकडा वाचून वजाबाकी करायची:

```
sudo cat /sys/class/powercap/intel-rapl:0/energy_uj
```

उत्तर मायक्रोज्यूलमध्ये येतं. ३६ लाख ज्यूल म्हणजे महावितरणचं एक युनिट. वजाबाकी उणे आली तर मोजणी शेवटाला पोचून पुन्हा शून्यापासून सुरू झाली असं समजावं. लांब कामात मधूनमधून आकडा टिपत राहावा. यात एकाच प्रोसेसरचा खर्च येतो. पंखे आणि पॉवर सप्लायमधली गळती धरायची असेल तर भिंतीच्या सॉकेटलाच मीटर लावावा लागतो.